भाऊबीजेचा ठसका आणि बावन्न दिवसांची घरघर

६ जानेवारी २०२४ला आमच्या मनूच्या उजव्या फुफ्फुसाच्या नळीतून शेंगदाण्याची पाकळी काढली. ती तिथं गेली होती १५ नोव्हेंबर २०२३ला, भाऊबीजेच्या दिवशी. मधले बावन्न दिवस आम्ही तिच्यावर बाळदम्याचे उपचार करत होतो. वाफ, पातळ औषधं, तोंडाला मास्क लावून पंप, सगळं अगदी घड्याळ लावून. ज्यांचं मूल दीड-दोन वर्षांचं आहे आणि ज्यांच्या फायलीत ‘वारंवार घरघर’ असं लिहिलेलं आहे, त्यांच्यासाठी हे तारखांसकट लिहून ठेवते. त्यातल्या बहुतेक मुलांना दमा किंवा साधा विषाणूचाच त्रास असतो. आमच्या मुलीला तो नव्हता, एवढंच.

मनू तेव्हा एक वर्ष चार महिन्यांची होती. पुढचे आठ दात आले होते, दाढांचा पत्ता नव्हता. भाऊबीजेला आम्ही माहेरी, कराडजवळच्या गावी. घरात पंधरा माणसं. मी आणि आई आत ओवाळणीच्या ताटाचं बघत होतो आणि मनू बाहेर ओसरीवर माझ्या भाच्याजवळ खेळत होती. ती खोकली हे मला आत ऐकूसुद्धा आलं नाही. रात्री सातारला परत येताना गाडीत ती अधूनमधून खोकत होती. मला वाटलं, फटाक्यांचा धूर.

खोकला पाच दिवस राहिला. २० नोव्हेंबरला आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, घरघर आहे म्हणाले, आणि घरात कुणाला दमा आहे का ते विचारलं. आहे, माझ्या सासूबाईंना आहे. तिथंच आमची गाडी त्या रुळावर चढली. थंडीचे दिवस, सव्वा-दीड वर्षाचं मूल, घरात दमा, छातीत घरघर. त्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. ताप नव्हता आणि नाकही वाहत नव्हतं, हे मी सांगितलं होतं, पण त्याला वजन आहे हे मलाच माहीत नव्हतं. तीन दिवस दवाखान्यात वाफ आणि एक पातळ औषध मिळालं. औषध स्टेरॉइडचं होतं हे नंतर कळलं. चौथ्या दिवशी मनू बरीच मोकळी झाली. आम्ही पेढे वाटायचे बाकी होते.

६ डिसेंबरला पुन्हा तेच. या वेळी एक्स-रे काढला. ‘नॉर्मल’ असा अहवाल आला. पुन्हा वाफ, पुन्हा स्टेरॉइडचे पाच दिवस, पुन्हा बरं वाटलं. औषध संपून आठवडा झाला की खोकला परत यायचा, आणि रात्री कान लावला तर शिट्टीसारखा आवाज. १८ डिसेंबरला पंप सुरू झाला. भांड्यासारखा तो प्लॅस्टिकचा स्पेसर आणि मास्क, दोन्ही मिळून साडेआठशे रुपये. सकाळ-संध्याकाळ तिला मांडीत आवळून धरायचं, ती रडायची, मीही रडायचे.

२९ डिसेंबरला पहिल्यांदा ताप आला, १०२. दुसरा एक्स-रे झाला आणि उजव्या बाजूला खाली न्यूमोनियाचा डाग दिसला. दोन दिवस भरती, शिरेतून प्रतिजैविक, आणि कफ सुटावा म्हणून पाठ थोपटायची असं सांगितलं. डिस्चार्ज कार्डावर निदान लिहिलं होतं: न्यूमोनिया, शेजारी दमा, त्यापुढे प्रश्नचिन्ह. हे प्रश्नचिन्ह पुढे विम्याच्या वेळी आमच्या मानगुटीवर बसलं.

त्याच दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी सुट्टी देताना सहज म्हटलं, “पुण्याला एकदा लहान मुलांच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक वेळी उजवीकडेच जास्त ऐकू येतंय.” सहज म्हटलेलं हे वाक्य आम्ही धरून ठेवलं, हे नशीब.

५ जानेवारी, शुक्रवार. अकराची वेळ होती, नंबर पाऊण वाजता लागला. सोबत दोन्ही एक्स-रेच्या फिल्म, सगळ्या चिठ्ठ्या, आणि मनू झोपेत श्वास घेतानाचा फोनवरचा आवाजासह व्हिडिओ. डॉक्टरांनी आधी फिल्म प्रकाशावर शेजारी शेजारी लावल्या, अहवालाचे कागद बाजूला ठेवले. मग बराच वेळ एका बाजूची छाती, मग दुसरी, पुन्हा पहिली असं ऐकत राहिले. उजवीकडे हवा कमी जात होती, घरघर होती तीही त्याच बाजूला. दम्यात नळ्या दोन्हीकडच्या आवळतात, असं ते म्हणाले. एकाच बाजूला, दर वेळी त्याच जागी आवाज येत असेल तर त्या जागी काय आहे ते बघावं लागतं.

मग त्यांनी विचारलं, “हिला खाताना कधी ठसका लागला होता का?”

मी लगेच नाही म्हटलं. हा प्रश्न मला पहिल्यांदाच विचारला जात होता आणि मी अगदी खात्रीनं नाही म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “खोकला नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला?” भाऊबीजेला. “आदल्या दिवशी सर्दी?” नव्हती. “सकाळी खोकला?” नव्हता. “म्हणजे दुपारनंतर. त्या दुपारी ती पूर्ण वेळ तुमच्या नजरेसमोर होती का?” नव्हती. “मग ज्यांच्या नजरेसमोर होती त्यांना आत्ता फोन लावा. आणि काय गिळलं का असं विचारू नका, घाबरून नाही म्हणतील. त्या दिवशी ती खूप खोकली होती का, एवढंच विचारा.”

मी वहिनीला फोन लावला. ती म्हणाली, “अगं हो, चिवडा खाताना ठसका लागला होता की. लालबुंद झाली होती. मी टाळूवर फुंकर घातली, पाठ थोपटली, पाणी पाजलं. लगेच हसायला लागली म्हणून तुला सांगितलं नाही. कुणीतरी आठवण काढली असं म्हणालो आम्ही.” सात वर्षांचा भाचा तिला वाटीतला एकेक दाणा भरवत होता.

मी हे मुद्दाम विस्तारानं लिहिते आहे, कारण अख्ख्या प्रकरणाची किल्ली या फोनमध्ये होती. ठसका पाहणारं माणूस एक आणि डॉक्टरकडे जाणारं माणूस दुसरं, हे आपल्या घरांमध्ये नेहमीचंच आहे. शिवाय ठसका थांबला की बघणारा विसरून जातो. तो थांबण्यामागचं कारण डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. वस्तू स्वरयंत्रातून जाताना जोरदार खोकला येतो. ती पुढे नळीत जाऊन टेकली की तिथली चुरचुर मावळते, खोकला कमी होतो, मूल खेळायला लागतं. हा शांत काळ काही तासांचा असतो, कधी कित्येक आठवड्यांचा. सगळे समजतात, निघालं.

एक्स-रे नॉर्मल कसा आला, हे मी विचारलंच. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. नाणं, पिन, बॅटरी दिसते. दाणा, डाळं, खोबऱ्याचा काप, सीताफळाची बी यांची सावली पडत नाही. दिसतो तो त्यांचा परिणाम. श्वास घेताना नळी थोडी रुंदावते आणि दाण्याच्या कडेनं हवा आत जाते. सोडताना नळी आकसते, दाणा बूच होतो, हवा आत अडकते. त्यामुळे त्या बाजूचं फुफ्फुस फुगलेलं आणि जास्त काळं दिसतं. पण हे उठून दिसतं श्वास सोडल्यावर काढलेल्या फोटोत, आणि नेहमीचा एक्स-रे श्वास भरून घेतलेला असताना काढतात. सव्वा वर्षाच्या मुलीला ‘श्वास सोड’ म्हणून कोण सांगणार! आमची ६ डिसेंबरची फिल्म त्यांनी पुन्हा दाखवली. उजवी बाजू खरंच किंचित जास्त काळी होती. एकदा सांगितल्यावर मलाही दिसली. पुढे सूज वाढून नळी पूर्ण बंद झाली की आत हवाच जात नाही, तो भाग दबतो, त्यात पू होतो. तो आमचा २९ डिसेंबरचा न्यूमोनिया. स्टेरॉइडनं दर वेळी बरं का वाटायचं, त्याचंही उत्तर मिळालं. दाण्याभोवतीची सूज उतरायची, हवेला वाट मिळायची. दाणा मात्र जागच्या जागी.

त्यांनी ताबडतोब दोन गोष्टी बंद केल्या: पाठ थोपटणं आणि घरी वाफ देणं. जोरानं थोपटल्यावर किंवा खोकल्याच्या उबळीनं दाणा सुटून वर मुख्य श्वासनळीत अडकला तर दोन्ही फुफ्फुसांची वाट बंद होते. आम्ही आठवडाभर इमानेइतबारे थोपटत होतो.

दुपारी चारला सीटी स्कॅन झाला. दूध पिऊन ती झोपली तेव्हाच आत नेली, त्यामुळे गुंगीचं औषध लागलं नाही. प्रत्यक्ष काम काही सेकंदांचं. डॉक्टर म्हणाले की ठसका कालचा असता आणि मी पहिल्याच वाक्यात सांगितला असता, तर ते सीटीत वेळ न घालवता थेट दुर्बिणीकडे गेले असते. संशय पक्का असेल तर एक्स-रे नॉर्मल असला तरी दुर्बिणीनं बघतात. आमच्याकडे सात आठवडे उलटले होते, न्यूमोनिया झाला होता, म्हणून नेमकं कुठं आणि किती खोल ते आधी हवं होतं. सीटीत उजव्या मुख्य नळीतून खाली जाणाऱ्या फांदीच्या तोंडाशी काहीतरी दिसलं.

मला वाटलं, आता लगेच आत नेतील. नेलं नाही. इथं माझा आणि नवऱ्याचा आवाज चढला, हे कबूल करते. सात आठवडे गेले, आता रात्रभर का थांबायचं? तेव्हा भूलतज्ज्ञ बाई खाली आल्या आणि वॉर्डातल्या बाकावर माझ्या शेजारी बसून बोलल्या. मनूचा ऑक्सिजन ९५-९६ होता, ती दमलेली नव्हती, दूध पीत होती. मूल निळं पडत असेल, श्वास ओढत असेल, आवाज बंद झाला असेल, किंवा आत बॅटरी असेल, तर रात्री दोनलासुद्धा आणि पोट भरलेलं असलं तरी नेतात. मूल स्थिर असेल तर मोठा धोका वस्तूपेक्षा घाईचा असतो: भरल्या पोटी भूल, अपुरी माणसं, लहान मुलांच्या दुर्बिणीचा हात नसलेला सर्जन. उद्या सकाळी आठला ज्यांचा हात आहे ते सर्जन, त्या स्वतः आणि सगळी हत्यारं एका जागी असणार होती. “सोमवारपर्यंत थांबा म्हटलं असतं तर मीच भांडले असते,” त्या म्हणाल्या. “पण आजची रात्र तिच्या फायद्याची आहे.” सूज उतरावी म्हणून संध्याकाळी शिरेतून स्टेरॉइड दिलं, प्रतिजैविक चालू राहिलं, आणि रात्रभर बोटाला ऑक्सिजनचा मॉनिटर. काही बदललं तर रात्रीच नेऊ, असं फायलीवर लिहिलेलं मी वाचलं, मगच बसले.

उपाशी ठेवण्याच्या वेळा त्यांनी कागदावर लिहून दिल्या: वरचं दूध आणि खाणं रात्री दोनपर्यंत, अंगावरचं दूध पहाटे चारपर्यंत, साधं पाणी सहापर्यंत. मी फोनवर तीन गजर लावले. पहाटे चारला तिला उठवून पाजलं, त्यामुळे सकाळी ती भुकेनं कळवळली नाही. रडणं टाळणंही उपचाराचाच भाग होता.

इकडे नवरा रात्री साडेअकरापर्यंत विम्याच्या खिडकीशी होता. त्याच्या कंपनीचा मेडिक्लेम, कॅशलेसची परवानगी हवी. विमा कंपनीकडून प्रश्न आला: जुन्या डिस्चार्ज कार्डावर दमा आहे, तो कधीपासून? आताचं निदान वेगळं का? त्या प्रश्नचिन्हाची ही करामत. शेवटी डॉक्टरांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या: ठसक्याची तारीख, साक्षीदार कोण, सीटीत काय दिसलं, आणि आधीची घरघर याच वस्तूमुळे असावी. ते पत्र गेल्यावर पाऊण तासात परवानगी आली. तोवर तीस हजार अनामत भरावी लागली होती. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे पत्र भरती होतानाच मागून घ्या. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या कुटुंबाचं काम जन आरोग्य योजनेतून चाललं होतं. त्यांना आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड आणि आधार दाखवावं लागलं, आणि बाळाचं नाव रेशनकार्डावर नसल्यानं जन्मदाखल्यासाठी त्यांची धावपळ झाली.

सकाळी सातला संमतीपत्र. सर्जननी प्रत्येक ओळ मराठीत समजावली. तोंडातून धातूची सरळ नळी घालणार. तिच्यातूनच बघायचं, चिमटा घालायचा आणि त्याच नळीतून श्वास व भूलही द्यायची. म्हणजे सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकाच अरुंद वाटेवर काम करणार. धोके: रक्तस्राव, स्वरयंत्र आवळणं, फुफ्फुसाला भोक पडून छातीत हवा भरणं, नंतर सूज आली तर व्हेंटिलेटर. दाणा एका बैठकीत निघाला नाही तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा. फारच क्वचित छाती उघडावी लागते. तिथं सही करताना माझा हात इतका कापला की ती माझी सही वाटत नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी आत नेलं. साधारण पाऊण तास सांगितला होता. सव्वा तास लागला. ताजा दाणा असेल तर काही मिनिटांत निघतो. आमचा बावन्न दिवसांचा होता. शेंगदाण्यातलं तेल नळीच्या आतल्या पातळ त्वचेला फार चिडवतं, आणि दाणा ओलाव्यानं फुगून मऊ पडतो. भोवती लालसर मांस वाढलं होतं, जखम भरताना वाढतं तसं. हात लावला की रक्त. आधी त्यावर अॅड्रेनलिनचं पातळ द्रावण लावून रक्त थांबवलं, मग चिमट्यात दाणा धरला तर तो तुटला. दोन तुकडे वेगवेगळे काढावे लागले. मागे साचलेला पू ओढून तपासणीला पाठवला. शेवटी दोन्ही बाजूंच्या नळ्या पुन्हा एकदा बघितल्या, कारण दुसरा तुकडा राहू शकतो. कधी मुलानं एकाऐवजी दोन दाणेही ओढलेले असतात.

सर्जननी गाळणीच्या कापडावर ते तुकडे आणून दाखवले. तपकिरी, भिजलेले, मसुराएवढे. मला वाटलं होतं मी रडेन. मी फक्त विचारलं, “एवढंच?”

बाहेर आल्यावर तिचा आवाज पूर्ण बसला होता. रडताना तोंड उघडायचं पण आवाज बेडकासारखा, आणि श्वास घेताना घशात खर्र. नळीमुळे स्वरयंत्राखाली सूज येते, ती आली होती. अॅड्रेनलिनची वाफ दोनदा दिली, रात्र अतिदक्षता विभागात ऑक्सिजनवर काढली, व्हेंटिलेटर लागला नाही. दुपारी दोनला चमच्यानं पाणी, संध्याकाळी दूध. रविवारी वॉर्डात आली. सोमवारी, ८ जानेवारीला घरी. बिल ९४ हजार झालं, विम्यानं ८१ हजार दिले; हातमोजे, नळ्या वगैरे ‘न मिळणारा खर्च’ आमच्या खिशातून. त्याआधीच्या सात आठवड्यांचे अकरा-बारा हजार वेगळे.

काढल्याबरोबर सगळं थांबेल ही माझी समजूत होती. थांबलं नाही. नळीची सूज उतरायला वेळ लागतो, त्यामुळे आठ-दहा दिवस थोडा खोकला होताच, आणि प्रत्येक खोकल्याला मी कान लावायचे. पुन्हा ताप आला किंवा त्याच बाजूचा आवाज वाढला तर लगेच या, पुन्हा बघावं लागेल, असं सांगितलं होतं. तशी वेळ आली नाही. दोन आठवड्यांनी फेरतपासणी होती; २२ जानेवारीला सुट्टी जाहीर झाली म्हणून २३ला गेलो. एक्स-रेत डाग जवळजवळ गेला होता, दोन्ही बाजूंना हवा सारखी जात होती. पंप त्याच दिवशी बंद.

ठसका लागला तर काय करायचं, तेही डॉक्टरांनी त्या वेळी वहिनीला फोनवरच शिकवलं, मी स्पीकर लावला होता. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल तर त्याला खोकू द्यायचं, पाणी किंवा केळं देऊन ‘ढकलायचं’ नाही. आवाजच निघत नसेल तर पालथं, डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा. नाही निघालं तर वर्षाच्या आतल्या बाळाला छातीवर पाच दाब, वर्षावरच्याला मागून धरून बेंबीच्या वर पोटावर पाच झटके. पुन्हा थापा, आणि तेवढ्यात कुणीतरी १०८ला फोन. तोंडात न दिसणाऱ्या वस्तूसाठी बोट घालायचं नाही. आणि ठसका आपोआप थांबला तरी, नंतर खोकला किंवा घरघर सुरू झाली तर पहिल्या तपासणीतच ठसक्याची तारीख सांगायची. वहिनीनं शेवटी विचारलं, “दाणे कधीपासून द्यायचे?” अख्खे चार-पाच वर्षांपर्यंत नाहीत, कूट करून, चटणीत, लाडवात बारीक वाटून चालतील.

भाचा महिनाभर मनूजवळ यायला तयार नव्हता. त्याला कुणी काही बोललं नव्हतं, पण मुलांना कळतंच. त्यानं खरं सांगितलं असतं, कुणी विचारलंच नाही, हे मी त्याला दोनदा समजावून सांगितलं.

जूनमध्ये मनूला खेळगटात घातलं. प्रवेशअर्जात ‘दमा अथवा श्वसनाचा आजार आहे का’ असा रकाना होता. नवऱ्यानं सवयीनं ‘हो’वर खूण केली होती. मी ती खोडून ‘नाही’ केलं, आणि शेजारच्या मोकळ्या जागेत लिहिलं: डब्यात अख्खे दाणे, डाळं, खोबऱ्याचे काप देऊ नयेत.